स्टार्टर मारताना बॅटरीचे व्होल्टेज कुठे जाते?

थंडीच्या दिवसांत सकाळी गाडीला चावी लावायची, स्टार्टर मारायचा, इंजिन दोनदा कण्हल्यासारखे फिरते आणि थांबते. वैतागून पाच मिनिटे नुसते बसायचे, पुन्हा चावी फिरवायची, आणि गाडी सुरू होते. मधल्या पाच मिनिटांत बॅटरीला कोणी चार्ज केले नाही. तरीही तिच्यात जीव आला. हे कोडे मला बरीच वर्षे छळत होते. त्याचे उत्तर शोधताना समजले की बॅटरी प्रवाह देत असताना तिचे व्होल्टेज तीन वेगवेगळ्या कारणांनी पडते, आणि प्रत्येक कारणाची वेळेची चाल वेगळी असते.

व्होल्टेजच्या या घसरणीला विद्युतरसायनशास्त्रात ध्रुवीकरण म्हणतात. तिचे प्रकार तीन: सक्रियण, ओहमी आणि संहती. हिशेबासाठी छोट्या मोटारीतली नेहमीची 12 व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी घेऊ.

आधी एक मोजमाप

बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येक सुमारे 2.1 व्होल्टचा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत, बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर मल्टिमीटर साधारण 12.6 व्होल्ट दाखवतो. इंजिन बंद ठेवून हेडलाइट लावा. दोन्ही दिवे मिळून 10 अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतात. समजा व्होल्टेज 12.37 झाले, म्हणजे 0.23 व्होल्ट गेले. आता दिवे बंद करून स्टार्टर मारा. प्रवाह 150 अँपिअर धरू आणि व्होल्टेज 10.8, म्हणजे 1.8 व्होल्ट गेले.

प्रवाह पंधरापट झाला, घट मात्र आठपटीच्याही आतच राहिली. बॅटरीत नुसता रोध असता तर घटही पंधरापट व्हायला हवी होती. म्हणजे पहिल्या 10 अँपिअरला बॅटरीने काहीतरी जास्तीचे मोजले आहे.

उंबरठ्यावरची किंमत: सक्रियण

हे जास्तीचे म्हणजे सक्रियण ध्रुवीकरण. पट्टीवरच्या शिशाचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून सल्फेट होतो, ती क्रिया आपोआप हव्या त्या वेगाने होत नाही. इलेक्ट्रॉनला धातू आणि आम्ल यांच्या सीमेवरचा एक ऊर्जेचा उंबरठा ओलांडावा लागतो. क्रिया वेगाने करून घ्यायची तर थोडे व्होल्टेज खर्चून तो उंबरठा बुटका करावा लागतो.

या खर्चाची रीत स्विस रसायनशास्त्रज्ञ युलियस टाफेल यांनी 1905 साली मांडली: जिथे उंबरठ्याचा खर्च बऱ्यापैकी मोठा असतो तिथे तो प्रवाहाच्या लॉगरिदमप्रमाणे वाढतो. प्रवाह दहापट झाला की खर्चात एक ठरावीक भर पडते, पुन्हा दहापट झाला की पुन्हा तेवढीच भर. म्हणून सुरुवातीचे अँपिअर महाग पडतात आणि पुढचे त्या मानाने स्वस्त. आपल्या उदाहरणात 10 अँपिअरला सहा सेल मिळून 0.15 व्होल्ट गेले असे धरा. 150 अँपिअरला हा आकडा 2.25 होत नाही, 0.6 च्या जवळपास थांबतो.

पट्टीचे क्षेत्रफळ वाढवले की प्रत्येक चौरस सेंटीमीटरवरचा भार कमी होतो आणि हा खर्च घटतो. म्हणून गाडीच्या बॅटरीत पातळ आणि पुष्कळ पट्ट्या, त्याही स्पंजासारख्या सच्छिद्र.

सरळ हिशेबाची घट: ओहमी

आम्लातून धावणारे आयन, पट्ट्यांच्या जाळ्या, आतले जोड आणि बाहेरचे टर्मिनल या सगळ्यांचा थोडा थोडा रोध असतो. तो मिळून 8 मिलिओहम धरला तर 10 अँपिअरला 0.08 व्होल्ट जातात आणि 150 अँपिअरला 1.2 व्होल्ट. सक्रियणाचे 0.15 आणि 0.6 यात मिळवा: 0.23 आणि 1.8. वरचा हिशेब जुळला.

गाडीच्या तक्रारींत नेहमी सापडणारा गुन्हेगार इथेच बसलेला असतो, टर्मिनलवर साचलेल्या पांढऱ्या-हिरव्या भुकटीत. तो पकडायला मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर आणि दुसरे त्यावर बसवलेल्या क्लँपवर टेकवा आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. जोड चांगला असेल तर आकडा शून्याच्या जवळ राहतो. अर्धा व्होल्ट दिसला तर त्या एका जोडातच तीन मिलिओहमहून अधिक रोध आहे. गरम पाणी, ब्रश आणि घट्ट आवळलेला नट एवढ्यावर काम भागते, नवी बॅटरी लागत नाही.

आम्ल पोहोचेपर्यंत: संहती

आता स्टार्टर दाबूनच ठेवला असे धरू. (प्रत्यक्षात सलग दहा सेकंदांहून जास्त मारू नये, मोटर तापते.) व्होल्टेज 10.8 वर टिकत नाही, हळूहळू 10.5, 10.2 असे उतरत जाते. शिसे-आम्ल बॅटरीत सल्फ्युरिक आम्ल हा केवळ प्रवाहाचा रस्ता नाही, ते स्वतः क्रियेत खर्ची पडते आणि त्याच्या जागी पाणी तयार होते. क्रिया होते पट्टीच्या बारीक छिद्रांत. तिथले आम्ल काही सेकंदांत पातळ होते, आणि बाहेरचे दाट आम्ल आत यायला विसरणाशिवाय मार्ग नाही. विसरण संथ असते.

आम्ल निम्मे झाले तरी व्होल्टेज थोडेच पडते. पण छिद्रात ते संपत आले की घट कड्यावरून कोसळल्यासारखी होते. त्यातच पातळ आम्लाचा रोधही वाढतो, म्हणजे शेवटच्या टप्प्यात ओहमी आणि संहती या दोन घटी एकमेकींत मिसळतात. बाहेरच्या आम्लाचे विशिष्ट गुरुत्व हायड्रोमीटरवर अजून चांगले दिसत असते, आणि स्टार्टर मात्र कण्हत असतो.

पाच मिनिटांच्या विश्रांतीचे रहस्य हेच. प्रवाह थांबताच ओहमी घट त्या क्षणी भरून येते, सक्रियणाची घट त्यामागोमाग थोड्याच वेळात, आणि संहतीची मिनिटांनी, खोल वापरलेल्या बॅटरीत तर तासांनी. प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोपवर प्रवाह अचानक तोडून याच वेळेच्या फरकावरून पहिल्या दोन घटी वेगळ्या काढतात. साधा मल्टिमीटर तेवढा चपळ नसतो, पण तिसरी घट त्याच्यावर डोळ्यांनी दिसते: व्होल्टेज झटक्यात वर येऊन मग मुंगीच्या पावलांनी चढत राहते.

थंडी तिन्ही घटी एकदम वाढवते. उंबरठा ओलांडणारी क्रिया मंदावते, आम्लाचा रोध वाढतो आणि विसरणही सुस्तावते.

परीक्षक काय पाहतो, काय नाही

गॅरेजमधला हातात मावणारा बॅटरी टेस्टर बॅटरीतून छोटा उलटसुलट प्रवाह सोडून रोध किंवा वाहकता मोजतो. त्याची वारंवारता जितकी जास्त, तितका त्याचा आकडा निव्वळ ओहमी भागाचा. आम्ल छिद्रात पोहोचायला किती वेळ लागतो हे त्या झटपट चाचणीत येतच नाही. माझ्या जुन्या इन्व्हर्टरच्या बॅटरीला अशा टेस्टरने चांगली म्हणून पास केले होते, आणि पंखा नि दोन दिवे ती वीस मिनिटे ओढू शकत नव्हती. अशा बॅटरीला पूर्ण चार्ज करून, ठरलेला भार लावून, दर पाच मिनिटांनी व्होल्टेज कागदावर लिहून काढावे लागते. पहिल्या क्षणी मोठी घट आणि नंतर सपाट रेघ असेल तर रोध शोधा. सुरुवात ठीक असून रेघ लवकर कोसळत असेल तर दोष पट्ट्यांत आहे: सल्फेटने बुजलेली छिद्रे किंवा झडलेला लेप, आणि त्याला ब्रश आणि गरम पाणी पुरत नाही.