आधी अपील की थेट हायकोर्ट?

"वकीलसाहेब, अपील-बिपील नको. सरळ हायकोर्टातच जाऊ. आता कोल्हापूरला बेंच झालंय, अर्ध्या तासाचा रस्ता."

ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागल्यापासून हे वाक्य आमच्या भागातल्या वकिलांना वरचेवर ऐकू येते. त्यामागची चीड खरी असते. खालच्या कचेरीने अन्याय केला, मग त्याच खात्यातल्या वरच्या साहेबाकडे कशाला जायचे, असे माणसाला वाटते. तरीही पुष्कळ वेळा उच्च न्यायालय अशी याचिका गुणदोषात न शिरताच परत पाठवते. "तुम्हाला कायद्याने अपील दिले आहे, आधी तिकडे जा," एवढेच सांगते. कायद्याच्या भाषेत याला पर्यायी उपाय संपवण्याचा नियम म्हणतात. हा नियम कुठे लागू होतो आणि कुठे सुटतो, हे एका उदाहरणावरून पाहू.

समजा, इचलकरंजीतला एक सूतव्यापारी आहे. बँकेत कर्जाचे कागद द्यायचे म्हणून 20 फेब्रुवारीला त्याच्या कर सल्लागाराने जीएसटीचे पोर्टल उघडले. तिथे 12 डिसेंबरचा आदेश पडलेला दिसला. सन 2021-22 मध्ये एका पुरवठादाराने विवरणपत्र भरले नव्हते, म्हणून त्या खरेदीवरचे क्रेडिट नाकारले होते. कर 4,80,000 रुपये, दंड 48,000 रुपये, वर व्याज. नोटीस आली कधी, म्हणून शोधले तर ती होती `Additional Notices and Orders` या वेगळ्या कप्प्यात. सल्लागार रोज नेहमीचा कप्पा बघत होता. नोटिशीचा छापील तक्ता उघडला, तर वैयक्तिक सुनावणीची तारीख, वेळ आणि ठिकाण या तिन्ही रकान्यांत `NA` लिहिलेले.

आता या माणसाच्या तक्रारी दोन आहेत, आणि त्या वेगळ्या करून पाहणे हेच यातले मुख्य काम. पहिली तक्रार : माझे क्रेडिट खरे आहे, माल आला, बिल आहे, पैसे बँकेतून गेले, आदेश चुकीचा आहे. दुसरी तक्रार : मला ऐकूनच घेतले नाही.

पहिल्या तक्रारीची जागा अपिलात आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 107 प्रमाणे आदेश कळल्यापासून तीन महिन्यांत अपील करता येते. उशिराला पुरेसे कारण असेल तर आणखी एक महिना मिळतो, त्यापुढे एक दिवसही नाही. वादातल्या कराच्या दहा टक्के रक्कम, म्हणजे इथे 48,000 रुपये, आधी भरावी लागते. ती भरली की उरलेल्या रकमेची वसुली कायद्यानेच थांबते. अपिलाचा अधिकारी बिले, वाहतुकीच्या पावत्या, बँकेचे उतारे तपासू शकतो. उच्च न्यायालय रिट याचिकेत सहसा असे करत नाही. तिथे प्रतिज्ञापत्रांवर काम चालते, साक्षीपुरावे होत नाहीत. सुताच्या गाठी खरोखर गोदामात उतरल्या का, हा प्रश्न न्यायमूर्तींपुढे नेला तर ते अपिलाचाच रस्ता दाखवणार. त्यात कोणताही कोरडेपणा नाही. ज्या कायद्याने कर बसवला, त्यानेच दाद मागायची जागाही नेमली आहे.

दुसरी तक्रार मात्र वेगळ्या जातीची आहे. त्याच कायद्याचे कलम 75(4) सांगते की करदात्याने लेखी मागणी केली असेल, किंवा त्याच्याविरुद्ध निर्णय घ्यायचे मनात असेल, तर सुनावणीची संधी द्यायचीच. इथे विरुद्ध निर्णय झाला आणि रकान्यात `NA`. हा नैसर्गिक न्यायाचा भंग आहे, आणि अपिलाची वाट उघडी असतानाही उच्च न्यायालय जिथे हात घालते त्या अपवादांपैकी हा एक. सुनावणीविना झालेले असे आदेश उच्च न्यायालयांनी रद्द केलेले आहेत. अपिलात हे भरून निघत नाही का? पूर्ण नाही. कलम 107 प्रमाणे अपिलाचा अधिकारी आदेश कायम करू शकतो, बदलू शकतो, रद्द करू शकतो, पण प्रकरण पुन्हा मूळ अधिकाऱ्याकडे पाठवू शकत नाही. म्हणजे पहिल्या पायरीवर ऐकून घेतले जाण्याचा हक्क गेला तो गेलाच. तो परत देण्याची ताकद उच्च न्यायालयाकडे आहे.

हा अपवाद आला कुठून, हे सांगायला 1957 सालचा सर्वोच्च न्यायालयाचा एक निवाडा आठवावा लागतो. उत्तर प्रदेश सरकार विरुद्ध मोहम्मद नूह. पोलीस खात्यातल्या एका शिपायावर बनावट पत्राचा आरोप होता. खात्यांतर्गत चौकशीत एक साक्षीदार उलटला. तेव्हा चौकशी चालवणारा अधिकारी स्वतःच उठला, त्याने साक्षीदार म्हणून आपला जबाब नोंदवला, परत चौकशीच्या खुर्चीत बसला आणि आपल्याच साक्षीवर विश्वास ठेवून शिपायाला दोषी ठरवले. खात्यातले अपील फेटाळले गेले, पुढची फेरतपासणीही. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की आधी अपील करा हा नियम धोरणाचा, सोयीचा आणि न्यायालयाच्या तारतम्याचा आहे. तो कायद्याने घातलेला बांध नव्हे. चौकशीच मुळात इतकी उघड अन्याय्य असेल तर वरचे न्यायालय थांबून राहायला बांधलेले नाही. एवढे सांगूनही त्या शिपायाला नोकरी मिळाली नाही. बडतर्फीचा हुकूम डिसेंबर 1948 चा होता, आणि रिटचा हा अधिकार देणारी राज्यघटना 26 जानेवारी 1950 ला आली. मागच्या तारखेच्या हुकमाला ती लागू पडत नाही, असे बहुमताने ठरले. त्याच्या प्रकरणातले तत्त्व पुढे हजारोंच्या कामी आले, त्याच्या मात्र नाही. हा निवाडा वाचताना मला दर वेळी त्याचे वाईट वाटते.

बाकीच्या अपवादांची मांडणी सगळ्यांत स्पष्ट झाली ती 1998 मध्ये, व्हर्लपूल कंपनीच्या प्रकरणात. हे प्रकरण मुंबईचे. मुंबईच्या ट्रेडमार्क रजिस्ट्रारने कंपनीला, तुमच्या चिन्हाच्या नूतनीकरणाचा दाखला रद्द का करू नये, अशी नोटीस काढली. त्याच चिन्हाचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात चालू होता. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि याचिका फेटाळली गेली. सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. कायदा नीट वाचला तर, वाद उच्च न्यायालयापुढे असताना हा प्रश्न हाताळण्याचा अधिकार रजिस्ट्रारला उरतच नव्हता. नुसत्या नोटिशीविरुद्धची याचिका एरवी घाईची ठरते. इथे नोटीस काढणाऱ्याला अधिकारच नव्हता म्हणून ती टिकली. त्या निवाड्यात चार वाटा मोजून सांगितल्या आहेत : मूलभूत हक्कावर घाला, नैसर्गिक न्यायाचा भंग, अधिकार नसताना केलेली कारवाई, आणि ज्या कायद्याखाली कारवाई झाली त्याच्याच वैधतेला आव्हान. शेवटची तर सहज पटण्यासारखी आहे. जीएसटीचा अपिलाचा अधिकारी जीएसटी कायदाच घटनाबाह्य ठरवू शकत नाही, मग त्याच्याकडे जायचे कशाला?

या चारांखेरीज न्यायालय आणखी एक गोष्ट पाहते : दाखवलेला उपाय खरोखर उपयोगाचा आहे का? हरियाणातल्या एका खाणीच्या लिलावात सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याच्या पाठीमागे प्रतिस्पर्ध्याने थेट मुख्यमंत्र्यांना पत्र धाडून जास्त रक्कम देऊ केली, आणि ठेका त्याला गेला. राज्य सरकारकडे अपील करायला हवे होते, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये नाकारला. निर्णय सरकारच्या सर्वोच्च खुर्चीतून झाला असताना त्याच सरकारकडे अपील म्हणजे रिकामा उपचार. जीएसटीतही कायद्यात लिहिलेले अपील न्यायाधिकरण कित्येक वर्षे बसलेच नव्हते. त्या काळात दुसऱ्या अपिलाची जागाच नसल्याने लोकांना उच्च न्यायालयात यावे लागले आणि न्यायालयांनी त्यांना ऐकलेही.

याचिका चालण्याजोगी असणे आणि न्यायालयाने ती ऐकायला घेणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अपील उपलब्ध आहे एवढ्यावरून याचिका चालतच नाही असे होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये गोदरेज सारा ली प्रकरणात पुन्हा बजावले. पण ऐकायची की नाही हे न्यायमूर्तींच्या तारतम्यावर आहे. अपवादात बसते असे आपल्याला वाटले म्हणून दार उघडेलच, याची हमी कोणताही वकील देऊ शकत नाही. आणि इथेच आपल्या सूतव्यापाऱ्यासारखी माणसे फसतात.

त्याचे दिवस मोजू. आदेश 12 डिसेंबरचा. तो कळला कधी यावर वाद घालता येईल, पण सावधपणे पोर्टलवरचीच तारीख धरावी. तीन महिने 12 मार्चला संपतात, जादा महिना 12 एप्रिलला. त्याने 5 मार्चला याचिका टाकली, ती मे महिन्यात सुनावणीला आली आणि न्यायालय म्हणाले, अपिलात जा. तर अपिलाची मुदत केव्हाच टळलेली असते. याचिका दाखल केल्याने अपिलाचे घड्याळ आपोआप थांबत नाही. चुकीच्या जागी प्रामाणिकपणे घालवलेला वेळ वगळा, अशी विनंती करता येते. ती मान्य होईलच असे नाही. दुसरी चूक याहून वाईट. काही जण अपिलाची मुदत झोपेत घालवतात आणि मग, आता दुसरा उपाय उरला नाही, म्हणून उच्च न्यायालय गाठतात. अपिलाची कायद्याने ठरवलेली कमाल मुदतही उलटल्यावर अशी याचिका ऐकू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ग्लॅक्सो स्मिथक्लाइनच्या प्रकरणात सांगितले. स्वतः गमावलेला उपाय हा अपवाद होत नाही.

याचिका जिंकली तरी काय मिळते, तेही आधी समजून घ्यावे. बहुतेक वेळा आदेश रद्द होतो आणि प्रकरण नव्याने सुनावणीसाठी त्याच अधिकाऱ्याकडे जाते. कर माफ होत नाही. बिले तेव्हाही दाखवावीच लागतात. व्यापाऱ्याची बिले भक्कम असतील आणि 48,000 रुपये भरणे झेपत असेल, तर माझे मत अपिलाकडे झुकते. सुनावणी झाली नाही हा मुद्दा अपिलातही घेता येतो. बाजू मांडण्यासाठी लागणारी कागदपत्रे गोळा व्हायची असतील, किंवा दहा टक्केही परवडत नसतील, तर त्या `NA` च्या रकान्याची प्रत जोडून याचिका करावी, पण मुदतीच्या पहिल्या आठवड्यांत, शेवटच्या नाही. आणि माझ्यापुढे दुसरा परिणामकारक उपाय नाही, असा जो परिच्छेद प्रत्येक याचिकेत टंकलेला असतो, त्यावर सही करण्याआधी तो वाचावा. अपील उपलब्ध असेल तर ते लपवू नये. ते आहे असे सांगून तरीही का आलो हे लिहावे. लपवलेले उघडकीस आले की चांगली बाजूही हातची जाते.

आदेश कोणत्याही खात्याचा असो, हाती पडला की त्याच्या शेवटच्या पानावर अपील कुठे आणि किती दिवसांत हे शोधा. तिथे नसेल तर कायद्यात शोधा. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, आणि वकिलाकडे जाताना आदेशाबरोबर नोटीसही घेऊन जा.