डायलिसिस आणि ऑफिसची वेळ

हिमोडायलिसिस बहुधा आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे 4 तास चालते. दर खेपेला रजा मागण्यापेक्षा कायमच्या वेळेचा एकच लेखी अर्ज बरा. त्यात आजाराची कहाणी नको. वार, वेळ आणि भरपाई हवी. समजा, ऑफिस 9 ते 6 आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवारी 8 ते 4 काम केले, की संध्याकाळची पाळी गाठता येते. कमी पडलेले 3 तास मंगळवारी आणि गुरुवारी दीड-दीड तास थांबून भरतात. सोबत डॉक्टरांचे पत्र आणि केंद्राचे वेळापत्रक जोडावे. डायलिसिसनंतर थकवा येतो, म्हणून त्या रात्रीचे काम अर्जातच वगळावे. हेच नेमके राहून जाते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत थॅलेसेमिया आहे, मूत्रपिंडविकार नाही. त्यामुळे इथे बरेचसे कंपनीच्या धोरणावर अवलंबून असते.