आकृतीतली पिशवी, चकती आणि दुसरी बाटली

जीवशास्त्राच्या कार्यपत्रिकेत तीन आकृत्या बहुधा भेटतातच: काचेच्या हंडीखालची कुंडी, दोन काचपट्ट्यांमध्ये धरलेले पान आणि बाटलीत अर्धे घातलेले पान. खाली प्रश्न असतो, ‘यावरून काय सिद्ध होते?’ मुले ‘बाष्पोच्छ्वास’ किंवा ‘प्रकाशसंश्लेषण’ असा एक शब्द लिहून मोकळी होतात. खरे उत्तर मात्र आकृतीत कोपऱ्यात काढलेल्या, बिनमहत्त्वाच्या वाटणाऱ्या वस्तूंमध्ये असते.

पहिल्या आकृतीत ती वस्तू म्हणजे कुंडीला गुंडाळलेली प्लास्टिकची पिशवी. तिचे तोंड खोडाभोवती दोऱ्याने घट्ट आवळलेले असते. काही तासांनी हंडीच्या आतून पाण्याचे थेंब दिसतात. पिशवी नसती, तर हे पाणी ओल्या मातीतूनच आले असे कोणीही म्हटले असते आणि ते खोडून काढता आले नसते. तरी हंडीतल्या हवेतली वाफ उरतेच. म्हणून शेजारी दुसरी हंडी ठेवतात. तिच्यातही पिशवीत बांधलेली कुंडी असते, फक्त रोपाऐवजी वाळकी काठी रोवलेली. ही हंडी कोरडी राहिली, तरच पहिलीतले थेंब रोपाचे ठरतात. पण रोपाच्या कोणत्या भागातून पाणी निघाले, हे ही आकृती सांगत नाही.

ते काम दुसरी आकृती करते. कोबाल्ट क्लोराइडचा कागद कोरडा असताना निळा असतो आणि ओल लागली की गुलाबी होतो. झाडावरच्याच पानाच्या वरच्या आणि खालच्या बाजूला अशा कागदाची एकेक चकती ठेवून वरून काचपट्ट्या चिमट्याने दाबतात. जास्वंदीच्या पानावर खालची चकती आधी गुलाबी होते, म्हणजे खालच्या बाजूने जास्त वाफ बाहेर पडते. ‘खालच्या बाजूला पर्णरंध्रे जास्त असतात’ हे यावरून थेट सिद्ध होत नाही. त्यासाठी दोन्ही बाजूंची साल सोलून सूक्ष्मदर्शकाखाली रंध्रे मोजावी लागतात. हा निष्कर्ष सगळ्या पानांना लावताही येत नाही. पाण्यावर तरंगणाऱ्या कमळाच्या पानाची रंध्रे वरच्या बाजूला असतात.

हा प्रयोग बिघडतो तो बहुतेक वेळा हातांमुळे. बोटांचा घाम लागला तरी चकती गुलाबी होते आणि पावसाळ्यात ती नुसत्या हवेनेही रंग बदलते. म्हणून ती गरम करून पूर्ण निळी करावी, चिमट्यानेच उचलावी आणि दोन्ही चकत्या एकाच वेळी लावाव्यात. पानावर ठेवण्याआधीच कडा गुलाबी दिसत असतील, तर ते निरीक्षण टाकून द्यावे.

तिसरी आकृती मोल यांच्या अर्ध्या पानाच्या प्रयोगाची. रोप दोन-तीन दिवस अंधारात ठेवतात, म्हणजे पानात साठलेला स्टार्च संपतो. ही पायरी गाळली, तर जुना स्टार्चच नव्याचा भास निर्माण करतो. मग पानाचा अर्धा भाग चिरलेल्या बुचातून बाटलीत घालतात, फटी व्हॅसलिनने बुजवतात आणि बाटलीच्या तळाशी पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण ठेवतात. ते कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. काही तास उन्हात ठेवल्यावर पान पाण्यात उकळतात, मग गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या अल्कोहोलमध्ये त्याचे हरितद्रव्य काढून टाकतात आणि त्यावर आयोडीन घालतात. बाहेरचा भाग काळानिळा होतो, बाटलीतला पिवळट-तपकिरीच राहतो.

यावरून कार्बन डायऑक्साइड आवश्यक आहे असे लिहायला पेन सरसावते. पण आतल्या अर्ध्या पानाने कार्बन डायऑक्साइडच नव्हे, मोकळी हवाही गमावली आणि बंद बाटलीतली उष्णताही सोसली. म्हणून दुसरे रोप, दुसरी बाटली हवी. त्या बाटलीत नुसते पाणी ठेवून भागत नाही. हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे 0.04 टक्के असतो, म्हणजे 250 मिलिलिटरच्या बाटलीत जेमतेम 0.1 मिलिलिटर. चांगल्या उन्हात पान तो काही मिनिटांतच संपवते. मग स्टार्च दोन्ही बाटल्यांत दिसत नाही आणि तुलना फसते. पाण्याऐवजी खाण्याच्या सोड्याचे द्रावण ठेवले, तर त्यातून कार्बन डायऑक्साइड मिळत राहतो. आता बाटली, ऊन आणि उष्णता सारखी असते, फरक उरतो तो या एका वायूचा. सोड्याच्या बाटलीतले अर्धे पान काळेनिळे झाले, तर दोष बंद बाटलीचा नव्हता हे कळते.

म्हणून उत्तरात केवळ प्रक्रियेचे नाव लिहू नये. दोन मांडण्यांत फरक कोणत्या एका गोष्टीचा होता आणि त्याने निरीक्षण कसे बदलले, हे लिहावे. ‘कार्बन डायऑक्साइड काढून घेतलेल्या भागात स्टार्च तयार झाला नाही, तो मिळालेल्या भागात झाला, म्हणून स्टार्च तयार होण्यासाठी कार्बन डायऑक्साइड आवश्यक आहे.’ प्रकाश आणि हरितद्रव्य यांची आवश्यकता या आकृतीने सिद्ध होत नाही. त्यासाठी पानाला काळ्या कागदाची पट्टी लावण्याचा आणि रंगीत ठिपक्यांच्या क्रोटनच्या पानाचा, असे दोन वेगळे प्रयोग करावे लागतात.