मुख्याध्यापकांना ॲप सुचवताना

वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात प्रत्येक पालकाचा नंबर सगळ्यांना दिसतो आणि उद्याच्या चाचणीची सूचना शुभेच्छांच्या गर्दीत हरवते. म्हणून पालक-शिक्षक संघ शाळेला वेगळे ॲप सुचवतो. पण त्या पत्रात बहुधा ॲपच्या सोयींचीच यादी असते. मुख्याध्यापकांच्या मनातला प्रश्न वेगळा असतो : मुलांची माहिती बाहेर गेली तर उत्तर कोणी द्यायचे?

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार काम ॲप-कंपनीकडे सोपवले तरी जबाबदारी शाळेवरच राहते. १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूदही त्यात आहे. हा कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत असला, तरी पत्राची बांधणी आजच त्याला धरून करावी.

समजा, पाचवीच्या दोन तुकड्या आहेत. पत्रात असे लिहिता येईल :

“महोदया, पाचवी ‘अ’मध्ये सहा आठवडे ॲप वापरून पाहावे, ‘ब’मध्ये सध्याचीच पद्धत चालू ठेवावी. ॲपमध्ये विद्यार्थ्याचे नाव, तुकडी आणि एका पालकाचा मोबाइल नंबर एवढेच भरले जाईल. आधार क्रमांक, जन्मतारीख, पत्ता वा छायाचित्र दिले जाणार नाही. संमती न देणाऱ्या किंवा स्मार्टफोन नसलेल्या पालकांना प्रत्येक सूचना त्याच दिवशी डायरीतून मिळेल. प्रयोग संपल्यावर तीस दिवसांत सर्व माहिती पुसून कंपनीने तसे लेखी कळवावे.”

कंपनीकडूनही लेखी हमी हवी : मुलांच्या माहितीवर जाहिराती नाहीत, ती तिसऱ्या कोणाला देणार नाही, गळती झाल्यास शाळेला तत्काळ कळवू. ॲप फोनमधले संपर्क किंवा ठिकाण पाहण्याची परवानगी मागत असेल, तर कारण विचारावे. सूचना वाचायला त्यांची गरज नसते. प्रत्येक शिक्षकाचे खाते वेगळे असावे. सगळ्यांचा पासवर्ड एकच असेल, तर चूक कोणाची हे शोधता येत नाही.

यश मोजताना बरेच जण फसतात. पन्नासपैकी पंचेचाळीस पालकांनी ॲप डाउनलोड केले, हा आकडा उपयोगाचा नाही. सूचना चोवीस तासांत किती जणांनी उघडली आणि ‘ब’मध्ये तशीच सूचना किती घरी पोचली, हे ताडून पाहावे. त्यासाठी दोन्हीकडे परतीची पावती असलेली एकच सूचना पाठवावी. शिक्षकांचा वेळ वाचला की वाढला, तेही नोंदवावे. या काळात ‘अ’चा व्हॉट्सॲप गट बंद ठेवावा लागतो, दोन्ही चालू राहिले, तर कशामुळे काय झाले ते कळत नाही.

प्रयोग कधी थांबवायचा, हेही पत्रात आधीच लिहावे : माहितीची एक जरी गळती झाली, किंवा तिसऱ्या आठवड्यानंतरही निम्म्या पालकांनी सूचना उघडल्या नाहीत, तर. थांबण्याची अट नसलेल्या पत्रावर मुख्याध्यापकांनी सही करू नये.