मांडीच्या हाडातला पीळ

पाच वर्षांची मुलगी टीव्हीसमोर बसली आहे. गुडघे पुढे, पावलं दोन्ही बाजूंना मागे टाकलेली, बूड जमिनीवर. वरून पाहिलं तर पायांचा इंग्रजी ‘डब्ल्यू’ दिसतो. उठून धावली की पावलं आत वळतात, टाचा बाहेर फेकल्या जातात आणि मधूनच पायात पाय अडकून ती पडते. मग घरातलं कुणीतरी बजावतं, ‘अशी बसतेस म्हणून पाय वाकडे झालेत. नीट मांडी घालून बस.’ बहुतेक वेळा खरा प्रकार उलटा असतो. हाडाची घडण मुळात तशी असते, म्हणून तिला तसं बसणं सोयीचं वाटतं.

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला एक मान असते आणि मानेवरचा गोळा खुब्याच्या खोबणीत बसतो. गुडघा नेमका समोर ठेवला, तर ही मान थोडी पुढच्या बाजूला झुकलेली असते. म्हणजे वरचं टोक आणि खालचं टोक यांच्यामध्ये हाडाला पीळ असतो. जन्मतः हा पीळ साधारण ४० अंशांचा, तर मोठ्या माणसात १५ अंशांच्या आसपास असतो. तो जास्त असला की गोळा खोबणीत नीट बसावा म्हणून मूल अख्खी मांडीच आत फिरवतं आणि तिच्यामागून गुडघा व पाऊलही आत वळतं. मांडी घालून बसायला मात्र मांडी बाहेर फिरावी लागते, आणि नेमकं तेच अशा मुलांना जड जातं.

पीळ जन्मतःच सर्वांत जास्त असतो, तरी तान्ह्या बाळात तो दिसत नाही. गर्भातल्या घडीमुळे खुब्याभोवतीचं आवरण आखडलेलं असतं आणि ते पाय बाहेर वळवून ठेवतं. दोन-तीन वर्षांत ते सैल पडलं की दडलेला पीळ उघड होतो. चार ते सहा या वयात चाल सर्वांत वाईट दिसते. पालकांना वाटतं काहीतरी नवीन बिघडलं. पण आत हाड तेव्हा हळूहळू सुटतच असतं.

पावलं आत वळण्याचं कारण दरवेळी मांडीतच असतं असं नाही. मूल समोरून चालत येताना गुडघ्याच्या वाट्या पाहाव्यात. त्या एकमेकींकडे वळल्या असतील तर पीळ मांडीत आहे. वाट्या सरळ आणि फक्त पावलं आत असतील तर तो नडगीत किंवा पावलातच असतो. डॉक्टर मुलाला पालथं झोपवून गुडघे काटकोनात वाकवतात आणि दोन्ही पावलं बाहेरच्या बाजूला पडू देतात. पावलं बाहेर जातात तेव्हा मांडी आत फिरते, हे पाहून पालक गोंधळतात. समजा, आपल्या या मुलीची मांडी आत ७५ अंश फिरली आणि बाहेर जेमतेम २०. ७० अंशांच्या पुढचा आकडा मांडीत जास्त पीळ असल्याचं सांगतो. लिन स्टाहेली या अमेरिकी अस्थितज्ज्ञांनी १९८५मध्ये हजार निरोगी पायांची मोजणी प्रसिद्ध केली, तेव्हापासून कुठल्या वयात किती फिरणं स्वाभाविक हे ठरवणं सोपं झालं. मुलींत हा प्रकार मुलांहून जास्त आढळतो आणि अनेकदा घराण्यातच असतो.

आता या मुलीचं काय करायचं? वर्षभराने पुन्हा मोजायचं, बस्स. आठ-दहा वर्षांच्या वयापर्यंत बहुतेकांची चाल आपोआप सुधारते. खास बूट, पट्टे, रात्री बांधायच्या पट्ट्या हे सगळं पूर्वी भरपूर वापरलं गेलं. हाडाचा पीळ त्याने लवकर सुटत नाही. मूल चिडतं आणि पैसे जातात, एवढंच. ‘डब्ल्यू’ बैठकीमुळे पीळ वाढतो याचाही भक्कम पुरावा नाही. गुडघा दुखतो म्हणाली तर छोटं स्टूल द्यावं. दर पाच मिनिटांनी टोकण्यात अर्थ नाही.

काहींचा पीळ पूर्ण सुटत नाही, हेही खरं. तरी त्यातले बहुतेक जण धावतात, खेळतात आणि त्यामुळे पुढे खुब्याचा संधिवात होतो असं सिद्ध झालेलं नाही. शस्त्रक्रियेचा विचार साधारण आठ-दहा वर्षांनंतर, पीळ खूपच जास्त राहिला आणि सतत पडणं किंवा चालताना खरी अडचण असेल तरच होतो. त्यात हाड कापून, फिरवून पट्टीने किंवा सळईने जोडावं लागतं, म्हणून ती फार थोड्यांवर करतात.

मात्र एकच पाय आत वळत असेल, मूल लंगडत असेल, दुखण्याने रात्री उठत असेल, चवड्यांवर चालत असेल, उशिरा चालायला लागलं असेल किंवा चाल सुधारण्याऐवजी बिघडत असेल, तर वाट पाहू नका. खुब्याचा सांधा निखळलेला असणं किंवा मेंदूशी संबंधित स्नायूंचा ताठरपणा अशी कारणं त्यामागे असू शकतात, आणि ती हाडवैद्याकडे नव्हे, बालअस्थितज्ज्ञांकडेच दाखवायला हवीत.