पाच नंबर की तीन नंबर?

रेल्वे स्टेशनवरची घोषणा अर्ध्या मिनिटात संपते. तेवढ्यात शेजारी बाळ रडतं, चहावाला ओरडतो, नाहीतर बाजूच्या फलाटावरून मालगाडी धडधडत जाते. मग आपण एकमेकींना विचारतो, ‘अगं, काय म्हणाली ती?’ आणि दोघींनाही माहीत नसतं!

आमच्या बचत गटातल्या बायका हल्ली एकेकट्या प्रवास करतात. कुणाची लेक बाळंतपणाला आलेली असते, कुणाची दवाखान्याची तारीख असते. पुण्याहून कराड-सातारा म्हणजे काही परदेश नव्हे, पण फलाट चुकला की जिने चढून-उतरून पलीकडे जाईपर्यंत गाडी सुटलेली असते. म्हणून गेल्या वर्षी आम्ही गटाच्या बैठकीत एक खेळ सुरू केला. एकीने घोषणा एकदाच वाचायची आणि बाकीच्यांनी चिठ्ठीवर लिहून घ्यायचं. पंखा फुल्ल, शेजारी कुकर चालू, आणि ‘पुन्हा सांग ना’ म्हणायला बंदी!

पहिल्या दिवशी सरावासाठी केलेली घोषणा अशी होती. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. गाडी क्रमांक एक एक शून्य दोन नऊ, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून छत्रपती शाहू महाराज टर्मिनस, कोल्हापूरला जाणारी कोयना एक्सप्रेस, आज नियोजित वेळेपेक्षा एक तास पस्तीस मिनिटे उशिराने धावत आहे. ही गाडी फलाट क्रमांक पाचवर येईल.’

चिठ्ठ्या गोळा केल्या तर गंमतच. एका मैत्रिणीने सुवाच्य अक्षरात ‘छत्रपती शिवाजी महाराज टर्मि’ एवढंच लिहिलं होतं. ती नाव लिहिण्यात गुंतली आणि तेवढ्यात उशीर आणि फलाट दोन्ही निघून गेले. आता बघा, मुंबईचं टर्मिनसही ‘छत्रपती’ने सुरू होतं आणि कोल्हापूरचंही. दोन्हीकडे ‘महाराज’, दोन्हीकडे ‘टर्मिनस’. या लांबलचक नावांतून आपल्याला कळायला हवं ते एवढंच, की गाडी कुठे चाललीय. ते नावात नसतं, नावाच्या शेपटात असतं. ‘हून’ म्हणजे आली तिथून, ‘ला’ म्हणजे निघाली तिकडे. कान त्या ‘ला’वर ठेवायचा, हात मोकळा ठेवायचा.

त्याहून सोपी खूण म्हणजे नंबर. डिसेंबर २०१० पासून गाड्यांचे नंबर पाच आकडी झाले. घोषणेत ते एकेक आकडा सुटा करून सांगतात, त्यामुळे ते ऐकायला सोपे. मुंबईहून कोल्हापूरला जाणारी कोयना ११०२९ आणि परत मुंबईला येणारी ११०३०. नाव तेच, पुणे स्टेशनही तेच, पण एक तुम्हाला कराडला नेणार आणि दुसरी दादरला! पाचही आकडे लिहायची गरज नाही. घरून निघतानाच चिठ्ठीवर तिकिटावरचे शेवटचे दोन आकडे लिहून ठेवायचे. ‘दोन नऊ’ कानावर आलं की ही आपली गाडी, ‘तीन शून्य’ आलं की पुन्हा गप्पा मारायला मोकळ्या.

म्हणजे मला जे आधीच माहीत आहे ते स्टेशनवर लिहायचंच नाही. चिठ्ठीवर घरीच लिहायचं, ‘२९, कोयना, कोल्हापूरला’, आणि खाली दोन जागा रिकाम्या सोडायच्या. एक फलाटाची, एक वेळेची. घोषणेत नवं असतं ते एवढंच.

या रिकाम्या जागा तुम्हाला कानानेही ओळखता येतात. रेकॉर्ड केलेल्या घोषणेत सगळं वाक्य सलग बोललेलं नसतं. ‘गाडी क्रमांक’, ‘फलाट क्रमांक’, आकडे, गावांची नावं असे तुकडे वेगवेगळे रेकॉर्ड करून ठेवलेले असतात आणि गरजेप्रमाणे जोडले जातात. म्हणून आकड्याच्या आधी आवाज किंचित थबकतो, सूर जरासा बदलतो. कपड्याला ठिगळ लावल्यावर हाताला शिवण लागते ना, तसंच. शिवण लागली की समजायचं, आता कामाचं येतंय.

दुसऱ्या एका काकूंनी फलाट पाच बरोबर लिहिला आणि वेळेच्या जागी ‘१.३५’. मी विचारलं, ‘काकू, गाडी कधी येणार?’ तर म्हणाल्या, ‘एक पस्तीसला.’ आम्ही सरावासाठी गाडीची वेळ दुपारी १२.०५ धरली होती, म्हणजे उशीर मिळवून १.४० झाले. इथे निभावलं. पण हीच गाडी सकाळी अकराची असती, तर ती १२.३५ लाच आली असती आणि काकू तिच्यामागे तासभर फलाटावर बसल्या असत्या! तेव्हापासून आम्ही आकड्याआधी एक अक्षर लिहितो. ‘उशिराने’ ऐकलं तर ‘उ’, ‘वाजून’ ऐकलं तर ‘वा’. ‘उ’ असेल तर मिळवायचं, ‘वा’ असेल तर तीच वेळ. आणि ‘सोळा वाजून पंचवीस’ असं काही आलं तर दचकायचं नाही, बारा वजा करायचे, चार पंचवीस.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो फलाट बदलला की. मराठीत सांगतात, ‘फलाट क्रमांक तीनऐवजी फलाट क्रमांक पाचवर येईल.’ इथे जुना आकडा आधी येतो. इंग्रजीत मात्र सहसा नवा आकडा आधी आणि जुना नंतर. जी बाई ‘पहिला ऐकलेला आकडा खरा’ मानते ती मराठीत फसते, आणि जी शेवटचा धरते ती इंग्रजीत. म्हणून मराठीत ‘ऐवजी’च्या नंतरचा आकडा लिहायचा आणि आधीचा आठवणीतून काढून टाकायचा.

तरी इंग्रजीचा एक उपयोग आहे. गोंगाटात ‘सात’ आणि ‘आठ’ सारखेच ऐकू येतात. हिंदीतही तेच शब्द, त्यामुळे हिंदी घोषणेने शंका फिटत नाही. इंग्रजीत मात्र ‘सेव्हन’ आणि ‘एट’ अगदी निराळे. ‘एकोणीस’ आणि ‘एकोणतीस’चं तसंच, इंग्रजीत ‘नाइन्टीन’ आणि ‘ट्वेंटी नाइन’. इंग्रजी न येणाऱ्या आमच्या बायकांनी फक्त हे आकडे पाठ केले. मराठीत ऐकून लिहायचं, शंका असेल तर आकड्यापुढे टिंब द्यायचं, आणि इंग्रजीत फक्त तेवढा आकडा पकडायचा. एकदाच होणारी घोषणा अशी तीनदा ऐकल्यासारखी होते.

मोबाइलवर गाडी कुठवर आली ते दिसतं, फलाटावर पाट्याही असतात. पण बॅटरी संपते, आणि चष्मा पिशवीच्या तळाशी असतो. शिवाय फलाट बदलतो तो बऱ्याचदा गाडी आलीच म्हणताना.

आणि नाहीच ऐकू आलं तर विचारायचं, पण नीट. ‘कोयना पाचवरच ना?’ असं विचारलं की गडबडीतला माणूस मान हलवतो आणि पुढे जातो, त्याला माहीत असो वा नसो. ‘कोल्हापूरची कोयना किती नंबरला?’ असं विचारलं की त्याला आकडा सांगावाच लागतो. माहीत नसेल तर तो ‘ठाऊक नाही’ म्हणतो, आणि मग आपण चौकशीच्या खिडकीकडे वळायचं.