अर्धी आवडलेली ‘ययाति’

आमच्या वाचक मंडळाचा नियम साधा आहे. दर महिन्याला एकाने एक कादंबरी वाचायची आणि तिच्यावर दोन पानांचं टिपण लिहून आणायचं. यंदा माझ्या वाट्याला वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ आली. १९५९ साली आलेली, पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेली ही कादंबरी मी शाळेत असताना अर्धी वाचून सोडली होती. या वेळी पूर्ण वाचली आणि त्याच रात्री टिपण लिहून टाकलं. पहिलंच वाक्य होतं, ‘खांडेकरांची भाषा भडक आणि जुनाट आहे.’

सकाळी ते वाक्य वाचून माझीच मला लाज वाटली. भाषा कुठे भडक आहे, कुणाच्या तोंडी आहे, त्यामुळे माझ्या वाचनाचं काय झालं, यातलं काहीच त्यात नव्हतं. पुस्तक न वाचता, नुसतं खांडेकरांविषयी चार गोष्टी ऐकूनही ते लिहिता आलं असतं. आवडलेल्या पुस्तकावर लिहिणं सोपं, साफ नावडलेल्यावर त्याहून सोपं. अर्धं आवडलेलं पुस्तक मात्र खोळंबा करतं, कारण नेमकं कुठलं अर्धं हे आधी शोधावं लागतं.

मी वाचताना हातात शिसपेन्सिल ठेवते. गुंतून गेले की समासात उभी रेघ, लक्ष उडालं की नुसतं टिंब. त्या वेळी कारण लिहायचं नाही, कारण वाचताना सुचणारं कारण बहुधा चुकीचं असतं. पुस्तक संपल्यावर रेघा आणि टिंबं घेऊन बसायचं. चारशेहून अधिक पानांच्या या कादंबरीत माझी टिंबं सगळीकडे सारखी पसरली असतील, असं मला वाटलं होतं. तशी ती नव्हती. सुरुवातीला रेघाच रेघा होत्या. ययातीचा थोरला भाऊ यती लहानपणीच घर सोडून निघून गेलेला. अश्वमेधाच्या निमित्ताने बाहेर पडलेला ययाती त्याला अरण्यात भेटतो, तिथे तर सलग रेघ होती. शरीराचा द्वेष करत वाळून गेलेला एक भाऊ, आणि पुढे शरीरापलीकडे काही न दिसणारा दुसरा, अशी ती गाठ आहे. देवयानीच्या भागातही रेघा होत्या. टिंबं मात्र घोळक्याने आली होती, आणि जवळजवळ प्रत्येक घोळक्यात कच होता.

म्हणजे माझी तक्रार भाषेविषयी नव्हतीच, निदान फक्त भाषेविषयी नव्हती. मी कागदावर तीन तक्रारी मांडल्या आणि एकेक तपासायला घेतली.

पहिली होती पुरूविषयी. कादंबरी ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा अशा तिघांच्या तोंडून उलगडते. ज्या मुलाने बापाचं म्हातारपण स्वतःच्या अंगावर घेतलं, त्याच्या मनात त्या क्षणी काय होतं हे त्याच्या तोंडून कधीच ऐकू येत नाही. मला ही मोठी उणीव वाटली होती. मग आठवलं की गिरीश कर्नाडांनी १९६१ साली याच कथेवर कन्नडमध्ये नाटक लिहिलं आणि त्यात पुरूला चित्रलेखा नावाची बायको दिली. नवऱ्याचं तारुण्य असं परस्पर देऊन टाकलेलं तिला मान्य नाही आणि ती विष घेते. मला हवं असलेलं पुस्तक त्या नाटकाच्या अंगाने जाणारं होतं. खांडेकरांना भोगणाऱ्या माणसाची गोष्ट सांगायची होती, देणाऱ्याची नव्हे. लेखकाने न लिहिलेल्या पुस्तकाबद्दल त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही. ती तक्रार मी खोडली.

दुसरी तक्रार होती मूळ कथेत केलेल्या फेरफारांची. महाभारताच्या आदिपर्वात ययातीला पाच मुलगे आहेत. यदू आणि तुर्वसू देवयानीचे, द्रुह्यू, अनू आणि पुरू शर्मिष्ठेचे. चौघे नकार देतात, पुरू होकार देतो आणि ययाती हजार वर्षं सुख भोगून मग शहाणा होतो. खांडेकरांनी पाचाचे दोन केले, यदू आणि पुरू, आणि ती हजार वर्षंही काढून टाकली. मी लिहिलं होतं की यामुळे गोष्टीचा आवाका घटला. परत वाचताना उलट दिसलं. एका आईचा एक आणि दुसरीचा एक मुलगा राहिल्यामुळे दोन बायकांमधली तेढ सरळ समोर उभी राहते. हजार वर्षं गेल्यामुळे ययातीला कंटाळून शहाणं होण्याची सोय उरत नाही, जे व्हायचं ते मुलाचा चेहरा समोर असतानाच व्हावं लागतं. कालिदासाने शकुंतलेला अंगठी आणि दुर्वासाचा शाप दिला, तेही महाभारतात नाहीत. दुसरी तक्रारही गेली. खरं तर ती उठून ‘आवडलं’च्या रकान्यात जाऊन बसली.

उरला कच. इथे मात्र मी जितकी खोल गेले तितकी तक्रार पक्की होत गेली. महाभारतात कच संजीवनी विद्या मिळवतो, देवयानीला नकार देतो, दोघं एकमेकांना शाप देतात आणि तो देवलोकी निघून जातो. ययातीच्या गोष्टीत तो परत येत नाही. खांडेकर त्याला परत आणतात, कारण त्यांच्या मांडणीला तो हवा आहे. यती म्हणजे टोकाचा नकार, ययाती म्हणजे टोकाचा भोग, आणि कच या दोघांच्या मधली वाट. आराखडा म्हणून हे छान आहे. मग माझी टिंबं तिथेच का?

मी कचाचे दोन प्रसंग शेजारी ठेवले. पहिला संजीवनीचा. दैत्य त्याला मारतात, त्याची राख मद्यातून शुक्राचार्यांच्या पोटात जाते, आणि जिवंत झालेल्या कचाला जिच्यामुळे आपण वाचलो तिलाच नाही म्हणावं लागतं. इथे त्याच्याकडे गमावण्यासारखं काहीतरी आहे, आणि तो ते गमावतो. दुसरा प्रसंग नंतरचा, तपस्वी होऊन आलेल्या कचाचा. तो कधी बोलून, कधी पत्र लिहून ययातीला आणि इतरांना जगण्याचं मर्म सांगतो. जे सांगतो ते खरंच आहे. पण आता त्याच्याकडे गमावण्यासारखं काही उरलेलं नाही. त्याचा अंदाज चुकत नाही, त्याचा तोल जात नाही. बाकी सगळे चिखलात उभे आणि तो काठावर. तो आला की इतरांना ऐकण्यापलीकडे काम राहत नाही, आणि माझी पेन्सिल टिंब काढते.

मग भाषा राहिली होती. तिच्यासाठी मी एक खेळ केला. धाकट्या भावाला समोर बसवलं, प्रकरणावरचं नाव हाताने झाकून मधलाच एखादा परिच्छेद वाचून दाखवला आणि विचारलं, कोण बोलतंय? दहा परिच्छेद घेतले. प्रसंगाचा धागा सापडला तेव्हा त्याने बरोबर ओळखलं. मनातलं बोलणं, आयुष्याविषयीचं भाष्य, उपमा असलेला परिच्छेद आला की तो अडखळला. दासी झालेली राजकन्या, हट्टी ऋषिकन्या आणि अधीर राजा या तिघांनाही दुःख झालं की सारख्याच तऱ्हेच्या प्रतिमा सुचतात. अपवाद देवयानीचा. ती स्वतःची बाजू मांडता मांडता नकळत स्वतःलाच उघडी पाडत जाते. शर्मिष्ठेला दासी करणं हा तिच्या लेखी न्याय आहे. तीच गोष्ट शर्मिष्ठेकडून ऐकली की कळतं, वडिलांचं राज्य संकटात येऊ नये म्हणून तिने दासीपण पत्करलं. एकच घटना दोन तोंडांतून अशी वेगळी होते, हे या कादंबरीचं खरं बळ आहे. म्हणून आवाज एक होतो तेव्हा ते जास्त जाणवतं.

आता पहिलं वाक्य बदलता आलं. ‘भाषा भडक आणि जुनाट आहे’च्या जागी मी लिहिलं: ‘तिघांच्या नजरा वेगळ्या आहेत, पण भाष्य करायची वेळ आली की तिघंही खांडेकरांच्या आवाजात बोलतात, आणि तिथे मला माणूस ऐकू येईनासा होतो.’ वाक्य लांबलं. पण कुणीही पुस्तक उघडून ते पडताळू शकेल, आणि खोटंही ठरवू शकेल.

बैठकीआधी मी टिपण बाईंना दाखवलं. बाई निवृत्त शिक्षिका, मंडळात सगळ्यांत जुन्या. त्यांनी चष्मा लावून शांतपणे दोन्ही पानं वाचली.

“तीन दिवसांत संपवलीस ना?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मग ते कुठे लिहिलं आहेस?”

मी गप्प झाले. टिंबांचा हिशोब मी चोख दिला होता, रेघांचा नाही. यतीची भेट आणि देवयानी यांना मिळून चारच ओळी दिल्या होत्या, जणू त्या सौजन्य म्हणून टाकल्या होत्या. घरी येऊन तो भाग दीड परिच्छेदांचा केला.

पण बाईंनी दुसरंही काही केलं. कपाटातून त्यांची कॉलेजच्या दिवसांतली वही काढली, कागद पिवळा पडलेला. तिच्यात निळ्या शाईने ‘ययाति’तली वाक्यं उतरवलेली होती, पानंच्या पानं. “आमच्या वसतिगृहात सगळ्याच मुली अशा वह्या करायच्या,” त्या म्हणाल्या. मी माझी प्रत उघडून ती वाक्यं शोधू लागले. बहुतेक माझ्या टिंबांच्या आसपास सापडली. कचाच्या बोलण्यातली तर बरीच.

मला टिपणात नसलेली गोष्ट सापडली होती. ती वाक्यं कथेतून सहज सुटतात. म्हणून ती वहीत नेता येतात, आणि म्हणूनच जागेवर असताना कथा थांबवतात. बाई तिथे थांबल्या त्या उतरवून घ्यायला, मी थांबले ती कंटाळून. लेखकाने दोघींसाठी एकच गोष्ट केली होती. शेवटच्या परिच्छेदात मी हे लिहिलं, आणि बाईंच्या परवानगीने वहीचाही उल्लेख केला.

बैठकीत टिपण वाचल्यावर दोघांनी वाद घातला आणि एका मुलीने ग्रंथालयातून कादंबरी नेली. बाई जाताना म्हणाल्या, “कचाबद्दल तुझं मला पटलेलं नाही. पण पुन्हा वाचून बघते, तो कुठे काही गमावतो का.”